वाट पाहिली तेरा हजार डॉलरची, आले तेराशे एकेचाळीस

हे प्रकरण बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचं आहे. मालकाच्या परवानगीनं लिहितोय. नावं गाळली आहेत आणि कर्जाचे, दराचे आकडे गोल केले आहेत. तारखा मात्र खऱ्या ठेवल्या, कारण सगळा हिशेब दिवसांवर उभा आहे.

## पार्श्वभूमी

फाउंड्री दुसऱ्या पिढीच्या हातात आहे. पंप आणि हायड्रॉलिक व्हॉल्व्हची कास्टिंग करतात, निम्म्याहून जास्त माल परदेशी जातो आणि पैसे डॉलरमध्ये येतात. २०२३ साली नवी मोल्डिंग लाइन घ्यायची ठरली, तेव्हा बँकेनं डॉलरमधलंच कर्ज सुचवलं. कमाई डॉलरची असल्यामुळे ते पटण्यासारखं होतं. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात २० लाख डॉलर उचलले. व्याज ३ महिन्यांच्या टर्म सोफरवर, त्यावर बँकेचे २.२५ टक्के.

टर्म सोफर म्हणजे पुढच्या तीन महिन्यांसाठी आधीच ठरणारा डॉलर-कर्जाचा व्याजदर. शिकागोची सीएमई ही वायदेबाजार चालवणारी कंपनी तो रोज सकाळी जाहीर करते. उन्हाळ्यात आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. आपल्या कर्जासाठी त्यातला एकच दिवस कामाचा: व्याजाचा नवा काळ सुरू होण्याच्या दोन कामकाजी दिवस आधीचा. त्या दिवशी जो दर असेल तो पुढचे तीन महिने चिकटतो. याला रीसेट म्हणतात.

व्याजदर आणखी चढले तर काय, ही भीती मालकांना होती. स्वॅप घेऊन दर कायमचा बांधून टाकणं हा एक मार्ग होता. पण दर उतरतील असंही त्यांना वाटत होतं, आणि उतरल्यावर आपण वरच अडकून राहायला ते तयार नव्हते. म्हणून कॅप घेतली. कॅप म्हणजे वरच्या बाजूला लावलेली मर्यादा. दर ठरलेल्या पातळीच्या वर गेला तर फरक बँक देते, खाली राहिला तर कुणी कुणाला काही देत नाही. ही पातळी, म्हणजे स्ट्राइक, ५.०० टक्के ठरली. प्रीमियमचे साधारण साडेसहा हजार डॉलर आधीच भरले. प्रीमियम कमी ठेवायचा म्हणून कॅप २० लाखांवर न घेता १५ लाखांवर घेतली. हा १५ लाखांचा तपशील लक्षात ठेवा, पुढे फाउंड्रीतल्या कुणाच्याच लक्षात राहिला नव्हता.

कॅप एक असली तरी आत तिचे तुकडे असतात. दर तीन महिन्यांचा एक तुकडा, त्याला कॅपलेट म्हणतात. प्रत्येक कॅपलेटचा रीसेट वेगळा, दिवस वेगळे आणि निकालही वेगळा. एकाचा दुसऱ्याशी संबंध नसतो. कर्ज उचललं त्या दिवशी पहिल्या काळाचा दर ठरूनच गेला होता, तेव्हा त्या काळाला कॅपलेट नव्हतीच. बऱ्याच सौद्यांत असंच असतं. पहिली कॅपलेट १ ऑगस्ट ते १ नोव्हेंबर २०२३ या काळाची होती. हे प्रकरण त्या एका कॅपलेटचं.

## अडचण

२६ जुलैला अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हनं दर पाव टक्क्यानं वाढवला. २८ जुलै, शुक्रवार, हा आपला रीसेटचा दिवस. शनिवार-रविवार सोडले तर १ ऑगस्टच्या आधीचे दोन कामकाजी दिवस म्हणजे सोमवार ३१ आणि शुक्रवार २८. त्या दिवशी दर ठरला, तो इथे ५.३५ टक्के धरतो. स्ट्राइक ओलांडला होता.

फाउंड्रीतले हिशेबनीस हुशार माणूस. जीएसटी असो की बँकेची स्टॉक स्टेटमेंट, कधी चूक सापडायची नाही. त्यांनी कागदावर मांडलं: आपण व्याज देतोय ७.६० टक्के, कॅप आहे ५ टक्क्यांना, फरक २.६० टक्के. २० लाखांवर वर्षाचे ५२,००० डॉलर, तिमाहीचे १३,०००. डॉलर ८३ रुपयांना धरला तर पावणेअकरा लाखांच्या पुढे. त्या वर्षी दिवाळी १२ नोव्हेंबरला होती आणि पैसे नोव्हेंबरच्या सुरुवातीला येणार होते. हिशेबनिसांनी ती रक्कम कामगारांच्या बोनसच्या तक्त्यात लिहून टाकली. मालकांनी तक्त्यावर सही केली.

ऑगस्टमध्येच मालकांनी बँकेत फोन करून विचारलं होतं, "दर वर गेलाय, मग आमचे पैसे कधी?" शाखेतून उत्तर आलं, "नोव्हेंबरमध्ये." कशामुळे, हे शाखेनं सांगितलं नाही आणि यांनी विचारलंही नाही.

२७ ऑक्टोबरला बँकेची मेल आली. १ नोव्हेंबरला जमा होणारी अंदाजे रक्कम: १,३२३.२९ डॉलर.

दुसऱ्या दिवशी शनिवारी सकाळी मालकांचा मला फोन. मी पूर्वी मुंबईत एका बँकेच्या ट्रेझरीत होतो, आता टिळकवाडीत असतो. त्यामुळे असले फोन अधूनमधून येतात.

"अरे, तेरा हजार यायचे होते, तेराशे आलेत. दशांश चिन्ह चुकलं की काय त्यांचं? की खाल्ले मधेच कुणीतरी?"

## समोरचे मार्ग

मी उद्यमबागेत पोचलो तेव्हा बँकेला पाठवायचं तक्रारीचं पत्र टाइप होऊन तयार होतं. शब्द जरा कडकच होते. मालकांच्या धाकट्या भावाचं म्हणणं वेगळं, "जाऊ दे की दादा, बँकेशी कशाला वाकडं? पुढच्या महिन्यात लिमिट वाढवून घ्यायचंय." म्हणजे एक रस्ता भांडणाचा, दुसरा गप्प बसण्याचा. मुळात कुणाला किती येणं आहे, हे दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "काका, पत्र थांबवा. आधी कन्फर्मेशन काढा."

सौदा झाल्यावर बँक जो दोन-चार पानांचा कागद पाठवते तो म्हणजे कन्फर्मेशन. तो फाइलमध्ये होता, सही-शिक्क्यासह. मे महिन्यानंतर कुणी उघडला नव्हता. कॅपलेटचा प्रत्येक आकडा त्याच कागदातून काढायचा असतो. कर्जाचा करार बाजूला ठेवायचा आणि व्याजाची नोट तर उघडायचीच नाही. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण हिशेबनिसांच्या तिन्ही चुका तिथूनच निघाल्या होत्या.

## काय केलं

टेबलावर एक कोरा कागद घेतला आणि कन्फर्मेशनमधून पाच गोष्टी उतरवल्या: मुद्दल, स्ट्राइक, कुठला दर, किती दिवस, आणि दिवस मोजायची पद्धत.

मुद्दल १५ लाख. याला नोशनल म्हणतात, म्हणजे नुसतं मोजण्यापुरतं मुद्दल. ते कुणी कुणाला देत नाही. हिशेबनिसांनी कर्जाचे २० लाख घेतले होते.

दर नुसता टर्म सोफर. बँकेचे २.२५ टक्के यात येतच नाहीत. हिशेबनिसांची सर्वांत महागडी चूक इथे होती, आणि ती फार जण करतात. खिशातून ७.६० टक्के जातात म्हणून माणूस ७.६० ची ५ शी तुलना करतो. पण ते २.२५ म्हणजे कर्ज देणाऱ्याचा नफा आणि जोखमीची किंमत. बाजार चढला-उतरला तरी ते बदलत नाहीत, मग त्यांचा विमा कोण उतरवणार? कॅप फक्त हलणाऱ्या भागावर असते. म्हणजे तुलना ५.३५ ची ५.०० शी. फरक ०.३५ टक्के.

दिवस ९२. ऑगस्टचे ३१, सप्टेंबरचे ३०, ऑक्टोबरचे ३१. सुरुवातीचा दिवस धरायचा, शेवटचा सोडायचा. डॉलरच्या दरात वर्ष ३६० दिवसांचं मानतात, म्हणून ९२ ला ३६० ने भागायचं. हिशेबनिसांनी सरळ पाव वर्ष धरलं होतं.

मग कागदावर एवढंच उरलं:

```
payoff = N × max(L − K, 0) × days/360
       = 1500000 × max(0.0535 − 0.0500, 0) × 92/360
       = 1341.67
```

N म्हणजे नोशनल, L रीसेटचा दर, K स्ट्राइक. max चा अर्थ इतकाच, की L जर K च्या खाली असता तर उत्तर शून्य, उणे नाही. स्वॅपमध्ये उणे येतं आणि ते आपल्याला भरावं लागतं.

मी हिशेबनिसांना त्यांचाच आकडा पायरी-पायरीनं उतरवून दाखवला, म्हणजे कुठे किती गेलं ते दिसावं. १३,००० च्या हिशेबात २.६० मधून बँकेचे २.२५ टक्के काढले की राहतात १,७५०. मुद्दल २० ऐवजी १५ लाख केलं की १,३१२.५०. पाव वर्षाऐवजी ९२ भागिले ३६० घेतलं की उलट वाढून १,३४१.६७. म्हणजे जवळजवळ सगळी दरी एकट्या पहिल्या चुकीची होती. हिशेबनीस बराच वेळ कागदाकडे बघत बसले, मग म्हणाले, "सर, म्हणजे बँकेचं दशांश बरोबर होतं."

दशांश बरोबर होतं, पण आकडा बरोबर नव्हता. आमचे १,३४१.६७ आले होते आणि बँकेच्या मेलमध्ये १,३२३.२९ होते. फरक १८.३८ डॉलर, म्हणजे दीड हजार रुपये. धाकटे भाऊ म्हणाले, "आता दीड हजारासाठी कोण भांडतंय?" मला मात्र रकमेपेक्षा कारण हवं होतं. ही पहिली कॅपलेट होती आणि त्याच पद्धतीनं पुढच्याही मोजल्या जाणार होत्या.

इथे मी स्वतःच घसरणार होतो. माझ्या डोक्यात लगेच आलं, की बँकेनं रक्कम सवलतीनं आजच्या किमतीवर आणली असणार. दर जुलैअखेर ठरतो, पैसे नोव्हेंबरला मिळतात. तेच पैसे १ ऑगस्टला द्यायचे असते तर तीन महिन्यांचं व्याज वजा करून दिले असते. एफआरए नावाच्या सौद्यात तसं करतात, कारण तिथे पैसे काळाच्या सुरुवातीलाच देतात. हिशेब करून पाहिला: १,३४१.६७ ला १ + ०.०५३५ × ९२/३६० ने भागलं. उत्तर १,३२३.५७.

बँकेचे १,३२३.२९, माझे १,३२३.५७. फरक २८ सेंटचा. घाईत असतो तर "जुळलं" म्हणून सोडून दिलं असतं, आणि बँकेला पत्र लिहिलं असतं की सवलत का कापली. पण दर, दिवस आणि मुद्दल सगळं माहीत असताना अशा हिशेबात २८ सेंट चुकायला जागाच नसते. सेंटपर्यंत जुळत नसेल तर सूत्रच दुसरं वापरलं आहे असं समजायचं.

मग उलटं गेलो. बँकेचा आकडा आमच्या आकड्यानं भागला: ०.९८६३०. सवलतीचं गुणोत्तर येतं ०.९८६५१. आणि ३६० ला ३६५ ने भागलं तर ०.९८६३०. सापडलं. शाखेतल्या कुणीतरी रुपयांच्या कर्जाची सवय डॉलरला लावली होती, ९२ ला ३६५ ने भागलं होतं. दोन अगदी वेगळ्या चुका, आणि त्या दराला योगायोगानं जवळजवळ एकच आकडा देणाऱ्या. ओळखायची खूण अशी, की ३६५ ची चूक दर कितीही असो, त्याच प्रमाणात राहते. सवलत मात्र दराबरोबर आणि दिवसांबरोबर हलते.

तक्रारीचं पत्र फाडलं. सोमवारी ३० ऑक्टोबरला चार ओळींची मेल पाठवली: कन्फर्मेशनमधलं कलम, वरची तीन ओळींची मांडणी, आमचा आकडा, आणि "तुमच्या आकड्यात ३६५ धरले असावेत, कृपया तपासावे". आवाज चढवला नाही. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या ट्रेझरीतून उत्तर आलं. त्यांच्या प्रणालीत १,३४१.६७ च होते, शाखेनं अंदाज कळवताना स्वतःच्या तक्त्यात मोजलं होतं.

## निकाल

१ नोव्हेंबरला राज्योत्सवाची सुट्टी, बेळगावची शाखा बंद. मालकांना वाटलं पैसे दोन तारखेला येतील. पण कन्फर्मेशनमध्ये सुट्ट्या मुंबई आणि न्यूयॉर्कच्या लिहिल्या होत्या, आणि दोन्हीकडे त्या दिवशी कामकाज होतं. पैसे १ तारखेलाच जमा झाले. १,३४१.६७ डॉलर, साधारण १ लाख ११ हजार रुपये. वेगळा अर्ज, नोटीस, काही करावं लागलं नाही. कॅपलेट आपोआप चुकती होते.

त्याच दिवशी कर्जाचं व्याज गेलं: २० लाखांवर ७.६० टक्क्यांनी ९२ दिवसांचे ३८,८४४.४४ डॉलर. कॅपची रक्कम वजा केल्यावर निव्वळ ३७,५०२.७७. हिशेबनिसांनी हे आपण होऊन दुसऱ्या बाजूनं तपासलं, ते मला फार आवडलं. १५ लाखांवर ७.२५ टक्के, म्हणजे ५.०० अधिक २.२५, आणि उरलेल्या ५ लाखांवर पूर्ण ७.६० टक्के. बेरीज ३७,५०२.७८. एका सेंटचा फरक राहिला, तो पूर्णांक करताना आलेला. कॅप नेमकं काय करते ते मालकांना सूत्रापेक्षा या बेरजेतून जास्त कळलं.

बोनस दिला, दिवाळीच्या आत दिला. पण तक्त्यातला जवळजवळ पावणेदहा लाखांचा खड्डा कॅश क्रेडिटमधून भरावा लागला. त्याचं व्याज या सगळ्या गोंधळाची खरी किंमत.

## वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी संधी २८ जुलैला होती. त्या दुपारी साडेतीननंतर नोव्हेंबरची रक्कम सेंटपर्यंत मोजता येत होती. टर्म सोफरवरच्या कॅपलेटमध्ये दर आधी ठरतो आणि पैसे मागून येतात. मधल्या तीन महिन्यांत बाजार चढो की कोसळो, त्या कॅपलेटला फरक पडत नाही. सोफरच्याच रोजच्या दरांचं चक्रवाढ धरून मोजणारी कॅप असती तर रक्कम काळाच्या शेवटीच कळली असती. इथे तसं नव्हतं. त्याच दिवशी बँकेकडे आकडा मागितला असता तर बोनसचा तक्ता ऑगस्टमध्येच दुरुस्त झाला असता, आणि ३६५ ची चूकही तीन महिने आधी सापडली असती.

१५ लाखांवर कॅप घेण्याचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. पूर्ण २० लाखांवर असती तर या कॅपलेटचे १,७८८.८९ मिळाले असते, ४४७ डॉलर जास्त, आणि प्रीमियमही तेवढ्याच प्रमाणात वाढला असता. चूक झाली ती हा निर्णय कर्जाच्या फाइलवर न लिहिण्यात. कॅप ठरवणारे मालक, व्याज मोजणारे हिशेबनीस, आणि मधल्या पाच लाखांची आठवण कुणाच्याच कागदावर नाही.

स्वॅपचा विचार मालकांनी नंतर बोलून दाखवला. मे महिन्यात बाजाराला दर उतरतील असं वाटत होतं, त्यामुळे स्वॅपचा बांधलेला दर चालू दरापेक्षा कमी मिळत होता. या तिमाहीपुरतं बघितलं तर स्वॅप स्वस्त पडला असता. पण एका कॅपलेटच्या निकालावरून तो निवाडा मी तरी करणार नाही. दर झपाट्यानं खाली आले असते तर आज उलटी चर्चा चालली असती.

आणि माझं स्वतःचं. शनिवारी सवलतीचा आकडा जवळ आला तेव्हा मी तो मालकांना मोठ्यानं सांगूनही टाकला होता. दहा मिनिटांनी मागे घ्यावा लागला. आधी भागाकार करून गुणोत्तर बघायला हवं होतं.

पुढची कॅपलेट १ नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी, पुन्हा ९२ दिवसांची. तिचा दर ऑक्टोबरअखेर, आम्ही या मेलांत गुंतलो होतो तेव्हाच ठरून गेला होता. हिशेबनिसांनी तो लिहून ठेवला होता, शेजारी रक्कम, आणि कंसात "३६०".